फोटोवरून कुत्र्या-मांजराचं वय: आधी दात बघा, चेहरा नंतर

इंदुरात कुत्र्या-मांजरांना घर शोधून देणाऱ्या आमच्या ग्रुपवर नवीन आलेला माणूस पहिल्यांदा अडतो तो वयापाशी. सुदामानगरातून फोटो येतो, खाली ओळ असते, ‘दोन महिन्यांचं पिल्लू, कोणी घ्या’, आणि फोटोतलं कुत्रं दिसत असतं चांगलं पाच महिन्यांचं. कधी याच्या उलट घडतं. अंगावर केस नसलेल्या हडकुळ्या कुत्र्याला लोक म्हातारं ठरवून मोकळे होतात. वय चुकलं की पुढचं सगळं चुकतं. लस कधी सुरू करायची, पिल्लू आईपासून वेगळं करायचं की नाही, त्याला दूध लागेल की भिजवलेली पोळी चालेल, घेणाऱ्याला काय सांगायचं, हे सगळं वयावर ठरतं.

मी हे काम पशुवैद्यांच्या शेजारी उभी राहून शिकले, त्यातल्या काहींचं शिक्षण आपल्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातलं. मी स्वतः डॉक्टर नाही. खाली लिहिलंय ते फोटो बघून अंदाज बांधण्यापुरतं. जनावर हातात आलं की शेवटचा शब्द डॉक्टरांचा.

आधी हे जवळ ठेवा

- साधा मोबाइल, ब्यूटी मोड आणि फिल्टर बंद करून
- पांढरा कोरा कागद किंवा पांढरा रुमाल
- पाण्याची एक लिटरची बाटली, मापासाठी
- बिस्किटं आणि जनावराच्या ओळखीचा एक माणूस
- पिल्लू लहान असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा
- हातमोजे, विशेषतः अंगाला खाज किंवा जखमा असतील तर

१. फोटो नीट मागून घ्या

बहुतेक चुका बघण्यात होत नाहीत, फोटोत होतात. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत वर्षभराच्या कुत्र्याचे दातही पिवळे दिसतात. म्हणून फोटो दिवसा, सावलीत काढायला सांगा आणि चौकटीत पांढरा कागद येऊ द्या. कागदच पिवळसर दिसत असेल तर दातांच्या रंगावर बोलू नका.

मोबाइल अगदी तोंडाजवळ नेला की नाक आणि डोकं फुगून मोठं दिसतं. मोठ्या डोक्याचं जनावर आपल्याला आपोआप लहान वाटतं. दोन-तीन पावलं मागे सरकून झूम करायला सांगा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होऊन येतो आणि दातांच्या कडा पुसल्या जातात, तेव्हा तो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

मला चार फोटो लागतात. पहिला पूर्ण अंगाचा, बाजूने, उभं असताना, शेजारी लिटरची बाटली. दुसरा चेहऱ्याचा, समोरून. तिसरा पुढच्या दातांचा. चौथा बाजूचा, वरचा ओठ थोडा उचलून सुळा आणि मागची मोठी दाढ दिसेल असा. कुत्र्याचं तोंड उघडायची गरज नाही. जबडा मिटलेला असताना नुसता ओठ वर केला तरी हवं ते दिसतं.

आणि अनोळखी कुत्र्याच्या तोंडाला हात लावायचा नाही. पिल्लू असलं तरी नाही. रेबीज पिल्लालाही असू शकतो. अशा वेळी लांबून व्हिडिओ काढायला सांगा, कुत्रं धापा टाकतंय, जांभई देतंय असा. तो थांबवून थांबवून बघितला की एखाद्या चौकटीत सुळे स्पष्ट मिळतात. चुकून दात लागला, ओरखडा आला किंवा जखमेवर लाळ पडली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठा. फोटो राहू द्या.

आणखी एक, फोटो कधीचा आहे ते विचारा. फिरत फिरत आलेला मेसेज चार महिन्यांपूर्वीचा निघतो, तोवर त्यातलं पिल्लू कधीच मोठं झालेलं असतं.

२. पहिला प्रश्न: दात बदलून झाले आहेत का?

वर्षं मोजायला लागण्याआधी एवढंच ठरवा, जनावर सात महिन्यांच्या आतलं आहे की पलीकडचं. सगळा अंदाज या एका उत्तरावर उभा राहतो.

कुत्र्याला २८ दुधाचे दात असतात आणि पक्के ४२. साधारण सातव्या महिन्यापर्यंत पक्के दात सगळे आलेले असतात. तोवर दात एका ठरावीक क्रमाने येतात आणि पडतात. पिल्लू उपाशी असो की गुटगुटीत, या क्रमात फारसा फरक पडत नाही, म्हणून तिथे आठवड्यांच्या हिशोबात बोलता येतं. सात महिन्यांनंतर नवा दात येत नाही. पुढे उरते ती फक्त झीज आणि साचलेलं कीटण, आणि ते कुत्र्याने काय चावलं, काय खाल्लं यावर ठरतं. तिथे ‘साडेतीन वर्षं’ असं सांगणारा माणूस अंदाज करत नसतो, ठोकून देत असतो.

दुधाचे दात ओळखायला सोपे आहेत. पटाशीचे दात तांदळाच्या कणीएवढे असतात, सुळे बारीक आणि सुईसारखे टोकदार, दातांमध्ये फटी. पक्के पटाशीचे दात रुंद असतात आणि नवे असताना त्यांच्या कडेला तीन उंचवटे दिसतात, मधला मोठा आणि दोन्ही बाजूंना छोटे. हे तीन उंचवटे एकदा ओळखता आले की निम्मं काम झालं.

३. पिल्लाचे दात, क्रमाने

डोळे मिटलेले असतील तर पिल्लू दोन आठवड्यांच्या आतलं. डोळे साधारण दहा ते चौदा दिवसांत उघडतात. डोळे उघडे, चाल डगमगती आणि हिरड्या कोऱ्या, म्हणजे तीन आठवड्यांच्या आसपास. अशा पिल्लाला ‘उचलून आणलं’ असं कोणी म्हटलं तर वय सांगत बसू नका, आधी आईजवळ परत ठेवायला सांगा.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात दुधाचे सुळे दिसू लागतात, चौथ्या ते सहाव्यात पटाशीचे दात, आणि मागच्या दुधाच्या दाढा आठव्या आठवड्यापर्यंत आलेल्या असतात. म्हणजे पुढे दात आहेत पण मागची हिरडी अजून मोकळी आहे असं दिसलं तर पिल्लू महिना-दीड महिन्याचं धरा.

दात बदलायला सुरुवात होते साधारण साडेतीन महिन्यांना, पुढच्या मधल्या जोडीपासून. मधले दोन रुंद, तीन उंचवट्यांचे, आणि कडेचे अजून कणीएवढे, असं मिश्र तोंड दिसलं की साडेतीन ते साडेचार महिने. पाचव्या महिन्यापर्यंत पटाशीचे सगळे बदलतात. सुळे त्यांच्यानंतर, पाचव्या-सहाव्या महिन्यात. वरचा पक्का सुळा दुधाच्या सुळ्याच्या पुढे, म्हणजे नाकाच्या बाजूला उगवतो. म्हणून काही दिवस वर एकाशेजारी एक दोन सुळे दिसतात, मागे बारीक सुईसारखा आणि पुढे जाड, अजून अर्धवट. खालचा नवा सुळा आतल्या, जिभेच्या बाजूने येतो, त्यामुळे तो फोटोत सहज सापडत नाही. सर्वात मागच्या दाढा सहाव्या-सातव्या महिन्यात पूर्ण होतात.

पोमेरेनियनसारख्या छोट्या जातींमध्ये दुधाचा सुळा कधी कधी पडतच नाही. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याच्या तोंडात तो नव्या सुळ्याला चिकटून तसाच असतो, आणि लोक दोन सुळे बघून ‘सहा महिने’ म्हणतात. फरक नव्या सुळ्याच्या लांबीत आहे. तो अर्धवट वर आलेला असेल तर दात बदलण्याचा काळ चालू आहे. तो पूर्ण लांबीचा असून मागच्या दाढेवर कीटणही असेल तर कुत्रं मोठं आहे आणि दुधाचा दात राहून गेलेला आहे. तो डॉक्टरांना दाखवावा, कारण दोघांच्या फटीत अन्न अडकून हिरडी खराब होते.

४. दोन ते साडेतीन महिन्यांमध्ये दात बोलत नाहीत

गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो आणि लसीचे निर्णयही नेमके इथेच असतात. आठव्या आठवड्याला दुधाचे दात पूर्ण झाले की पुढे जवळजवळ दीड महिना तोंडात वरवर काही बदलत नाही. दोन महिन्यांचं आणि तीन महिन्यांचं पिल्लू, दोघांच्याही तोंडात तेच २८ दात.

जबडा मात्र वाढत असतो, म्हणून दुधाच्या दातांमधल्या फटी रुंदावत जातात. पटाशीचे दात एकमेकांना लागून असतील तर मी दोन महिन्यांकडे झुकते, मध्ये ठळक फटी असतील तर तीनकडे. अंगावरची मऊ लव आणि पावलांचा बेढबपणा यांचा आधार घेता येतो, पण तो कच्चा.

पोटावर तर मुळीच जाऊ नका. रस्त्यावरच्या पिल्लाचं गोल टम्म पोट बहुतेक वेळा जंतांचं असतं. आमच्याकडे एक काकू प्रत्येक गोल पोटाच्या पिल्लाला ‘अगं, महिन्याचं बाळ आहे’ म्हणतात. मी त्यांना दर वेळी हिरडीचा फोटो मागते आणि त्या दर वेळी पोटाचा पाठवतात.

इंदुरात मला ऋतूचा मोठा उपयोग होतो. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा माजाचा मुख्य काळ पावसाळ्याच्या शेवटाला येतो आणि गर्भ साधारण ६३ दिवसांचा. त्यामुळे बहुतेक पिल्लं दिवाळीच्या आगेमागे आणि थंडीत जन्मतात. दिवाळीला जन्मलेलं पिल्लू रंगपंचमीच्या गेरच्या सुमाराला साडेचार-पाच महिन्यांचं असतं, म्हणजे ऐन दात बदलण्याच्या वयात. मार्चमधल्या फोटोला कोणी ‘दोन महिन्यांचं’ म्हणालं तर ते अशक्य नसतं, पण मी दात जास्त निरखून बघते. ऋतू हा पुरावा नाही, शंका कुठे घ्यायची तेवढं तो सांगतो. गल्लीतल्या चौकीदाराला किंवा चहावाल्याला ‘पिल्लं कब दिखीं पहली बार?’ असं विचारलं तर बऱ्याचदा ‘दिवाली के बाद’ असं उत्तर मिळतं, आणि ते आपल्या सगळ्या निरखण्यापेक्षा पक्कं असतं.

या दीड महिन्यात नक्की ठरत नसेल तर लसीसाठी कमी असलेलं वय धरा. पिल्लांच्या डिस्टेंपर-पार्व्होच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि ठरावीक अंतराने सोळा आठवडे होईपर्यंत द्यायच्या असतात, कारण आईच्या दुधातून आलेलं संरक्षण असेपर्यंत लस नीट लागू होत नाही. वय जास्त धरलं तर शेवटचा डोस लवकर संपतो आणि पिल्लू उघडं पडतं. कमी धरलं तर फार तर एक डोस जास्त होईल. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांना, तिची तारीख डॉक्टर ठरवतील.

५. एक तोंड शेवटपर्यंत बघू

मार्चअखेरीला अन्नपूर्णा रोडच्या बाजूने एका ओळखीच्या मुलाने फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, ‘ताई, म्हातारं कुत्रं आहे, दहा-बारा वर्षांचं. याला कोण घेणार? निदान खायला घालू.’

अंगाचा फोटो बघून कोणीही तेच म्हटलं असतं. कातडी राखाडी, जाड, सुरकुतलेली. डोळ्यांभोवती, कोपरांवर आणि कानांच्या कडांना केस नाहीत. फासळ्या मोजता येतील अशा, मान खाली.

आधी हे बघितलं की केस कुठले गेलेत. कानांच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायांचे घोटे ही खरजेच्या किड्यांची आवडती ठिकाणं. वयाने केस असे जात नाहीत. म्हणजे कातडी वयाबद्दल नाही, आजाराबद्दल सांगत होती, म्हणून तिला बाजूला ठेवलं.

मग दात. समोरच्या फोटोत वर सहा आणि खाली सहा पटाशीचे दात, सगळे रुंद, पांढरे, आणि सगळ्यांवर तीन उंचवटे कोरे. म्हणजे वय पाच महिन्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. आणि दहा वर्षं तर नक्कीच नाही, तोवर हे उंचवटे झिजून कडा सपाट होतात. बाजूच्या फोटोत वरच्या जबड्यात एक बारीक सुळा आणि त्याच्या पुढे हिरडीतून अर्धा वर आलेला जाड सुळा. मागच्या दाढेवर कीटणाचा मागमूस नाही. सुळा अर्धा आलेला म्हणजे पाच ते सहा महिने.

मग उंची पडताळली. लिटरची बाटली शेजारी उभी होती आणि कुत्र्याचा खांदा तिच्या साधारण दीडपट. बाटली जवळपास २८ सेंटिमीटर धरली तर खांदा ४२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे देशी कुत्र्याच्या पूर्ण उंचीच्या जवळ पण थोडी कमी. पाच-सहा महिन्यांना हे जुळतं. मार्चअखेरीतून पाच-सहा महिने मागे गेलं की ऑक्टोबर येतो, ऋतूही जुळला.

मी लिहून पाठवलं: ‘अंदाज पाच ते सहा महिने. पुरावा: पटाशीचे सगळे पक्के आणि न झिजलेले, वरचा पक्का सुळा अर्धा आलेला. कातडी खरजेची वाटते, वयाची नाही. मोजे घालून हाताळ, ही खाज माणसालाही लागू शकते.’

डॉक्टरांनी तोंड बघून तेच वय सांगितलं आणि कातडी खरवडून तपासल्यावर किडे सापडले. पण मला जास्त खात्री वाटली ती तीन आठवड्यांनी पुन्हा मागवलेल्या फोटोमुळे. दुधाचा सुळा गेला होता आणि पक्का जवळपास पूर्ण लांबीचा झाला होता. शंका असेल तिथे हाच उपाय करा, तीन आठवड्यांनी त्याच कोनातून पुन्हा फोटो. वाढतं तोंड बदललेलं दिसतं, मोठ्या कुत्र्याचं तोंड तसंच राहतं.

६. मोठ्या कुत्र्याला टप्पे द्या, वर्षं नकोत

दात सगळे पक्के असतील तर मी चारच टप्पे वापरते.

तरुण, म्हणजे साधारण एक ते दोन वर्षं: दात पांढरे, उंचवटे शाबूत, फार तर मागच्या दाढांच्या मुळाशी थोडा पिवळेपणा. मधलं वय, तीन ते पाच: वरच्या मोठ्या दाढेवर कीटण, खालच्या मधल्या पटाशीच्या दातांचे उंचवटे झिजून कड सरळ झालेली. प्रौढ, सहा ते नऊ: झीज सगळीकडे, कीटण सुळ्यांपर्यंत, हिरड्या लाल. म्हातारं, दहाच्या पुढे: दात पडलेले किंवा हलणारे, आणि अंगावरच्या खुणाही सोबत.

दोन टप्प्यांच्या मध्ये अडकलात तर दोन्ही सांगा. ‘तीन ते सात’ हे उत्तर ऐकायला बावळट वाटतं, पण ते खरं असतं.

तीन गोष्टी हे टप्पे बिघडवतात. हाडं, दगड, पिंजऱ्याच्या सळया चावणाऱ्या कुत्र्याचे दात तरुणपणीच झिजतात, पण स्वच्छ असतात. छोट्या जातींच्या घरगुती कुत्र्यांना कीटण लवकर चढतं, तीन वर्षांच्या पोमेरेनियनचं तोंड आठ वर्षांच्या देशी कुत्र्यासारखं दिसू शकतं. म्हणून झीज आणि कीटण दोन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील तरच विश्वास ठेवा. तिसरी गोष्ट डिस्टेंपर. पिल्लूपणी, पक्के दात हिरडीत तयार होत असताना हा आजार होऊन गेला असेल तर दातांचं वरचं कवच नीट बनत नाही, आणि पुढे आलेल्या दातांवर खड्डे आणि तपकिरी पट्टे दिसतात. ते कीटण नव्हे. कीटण हिरडीपासून सुरू होतं आणि दातावर थर चढवत जातं. हे खड्डे दाताच्या मध्येच, बहुतेक अनेक दातांवर एकाच उंचीला असतात. असं तोंड दिसलं तर रंगावरून वय काढू नका.

शरीरावरून कमीत कमी वय पक्कं सांगणाऱ्या दोन खुणा आहेत. मादीचे स्तन लोंबते असतील तर ती व्यालेली आहे, म्हणजे पिल्लू नाही, मग अंगाने ती कितीही बारकी असो. आणि कानाचा तुकडा कापलेला असेल तर नसबंदी झालेली आहे, तीही पिल्लूपणी करत नाहीत.

७. चेहरा आणि केस: पुरावा नव्हे, दुजोरा

पांढरं मुस्कट बघून सगळे ‘म्हातारं’ म्हणतात. काळ्या कुत्र्यात पांढरे केस लवकर दिसतात, पिवळट देशी कुत्र्यात ते दिसतच नाहीत, आणि काहींचं मुस्कट जन्मतःच पांढरं असतं. भित्र्या, सतत तणावात असणाऱ्या कुत्र्यांत एक ते चार वर्षांतच मुस्कट पांढरं होण्याचं प्रमाण जास्त असल्याचं अभ्यासात दिसलं आहे, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना तणावाची काय कमी? पांढरेपणा हनुवटीवर थांबला आहे की भुवया, डोळ्यांभोवती आणि गालांवर पसरला आहे ते बघा. पसरलेला असेल तर त्याला थोडं वजन द्या.

डोळे जास्त विश्वासाचे. साधारण सात वर्षांनंतर बुबुळाच्या मागे निळसर धूसरपणा येऊ लागतो, दोन्ही डोळ्यांत सारखाच. मोतीबिंदू पांढरा आणि गढूळ दिसतो, तो तरुण कुत्र्यालाही होऊ शकतो आणि कधी एकाच डोळ्यात असतो. निळसर आणि दोन्हीकडे सारखा, तर वयाकडे झुका. पांढरा किंवा एकाच डोळ्यात, तर डॉक्टरांकडे पाठवा.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना खळगे पडतात, पाठीच्या कण्याजवळचे स्नायू बसतात. पण उपाशी कुत्र्याचंही हेच होतं. पंधरा-वीस दिवस पोटभर खाल्ल्यावर खळगे भरले तर ते भुकेचे होते.

८. मांजर

मांजराचं तत्त्व तेच, फक्त सगळं थोडं लवकर. दुधाचे दात २६, पक्के ३०. डोळे एक ते दोन आठवड्यांत उघडतात. पटाशीचे दुधाचे दात साधारण तिसऱ्या आठवड्यात येतात, सुळे त्यांच्या लगोलग, आणि मागचे दोन महिन्यांच्या आत. पक्के पटाशीचे साडेतीन-चार महिन्यांना, पक्के सुळे पाच महिन्यांच्या आसपास, सहा-सात महिन्यांना तोंड पूर्ण.

मांजराच्या पिल्लात दातांशिवाय दोन चांगल्या खुणा मिळतात. डोळ्यांचा निळा रंग सहा-सात आठवड्यांच्या सुमाराला बदलू लागतो, त्यामुळे हिरवट-पिवळे डोळे दिसले तर पिल्लू दीड महिन्याच्या पुढचं धरा (सयामी वळणाच्या मांजराचे डोळे निळेच राहतात, ते सोडून). दुसरी खूण वजन. चांगलं पोसलेलं पिल्लू चार-पाच महिन्यांपर्यंत दर महिन्याला साधारण ४५० ग्रॅमने वाढतं, म्हणजे ९०० ग्रॅमचं पिल्लू दोन महिन्यांच्या जवळपास. उपासमार झालेल्या पिल्लाला हा हिशोब वय कमी दाखवतो, तेव्हा वजन आणि दात जुळत नसतील तर दातांचं ऐका.

मोठ्या मांजराबद्दल मी ‘तरुण, मधलं, म्हातारं’ यापुढे जात नाही. मांजरं फारशी पांढरी होत नाहीत, आणि रुंद गालांचा बोका म्हातारा नसतो. नसबंदी न झालेल्या वयात आलेल्या बोक्याचे गाल तसेच भरतात. पाठीवरच्या केसांच्या जटा मात्र लक्षात घ्या. सांधे दुखू लागलेल्या मांजराला मागे वळून अंग चाटता येत नाही, आणि ते बहुतेक म्हातारपणी होतं.

९. उत्तर लिहिताना

दोन ओळी पुरतात. पहिल्या ओळीत वयाचा पल्ला, दुसरीत कशावरून ते. ‘चार ते पाच महिने. पुढचे मधले दात पक्के, कडेचे दुधाचे.’ पुरावा लिहिलेला असला की डॉक्टरांना पडताळता येतं, आणि चुकलं तर कुठे चुकलं तेही कळतं. दात दिसतच नसतील तर ‘दात दिसत नाहीत, अंगावरून वर्षाच्या पुढचं वाटतं’ एवढंच लिहा.

दत्तकाच्या मेसेजवर आणि लसीच्या कार्डावर मात्र वय लिहू नका, जन्माचा अंदाजे महिना लिहा. ‘दोन महिन्यांचं’ हा मेसेज पावसाळ्यापर्यंत फिरत राहतो आणि तेव्हाही ते पिल्लू दोन महिन्यांचंच असतं. ‘जन्म अंदाजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, फोटो २० जानेवारी’ असं लिहिलं की वाचणारा स्वतः हिशोब करतो, आणि पुढची लस कधी हे विचारायला कोणाचा फोन येत नाही.